वेळ त्याचा, रेटिंग कंपनीचं

संध्याकाळी साडेसातनंतर पुण्यातल्या कुठल्याही चालत्या हॉटेलसमोर पाहा. फुटपाथला लागून दहा-बारा दुचाक्या तिरक्या उभ्या असतात. प्रत्येकीच्या हँडलला मोबाइलचा होल्डर असतो, मागच्या सीटवर चौकोनी पिशवी. काही रायडर आतून पार्सल यायची वाट बघत असतात, काही नुसतेच ऑर्डर पडायची. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. पहिल्याच्या उभं राहण्याचे पैसे त्या ऑर्डरच्या रकमेत कसेबसे धरलेले असतात. दुसऱ्याच्या उभं राहण्याचे पैसे कुणीच देत नाही. या दुसऱ्या माणसाच्या उभं राहण्याला काम म्हणायचं का, आणि म्हणायचं तर त्याचे पैसे कुणी द्यायचे?

समाजशास्त्राचे विद्यार्थी अशा कामाबद्दल निबंध लिहितात तेव्हा कार्ल मार्क्सच्या दोन कल्पना हमखास येतात, वस्तूकरण आणि परात्मता. माणसाचं श्रम बाजारात विकण्याजोगी वस्तू बनतं, ही पहिली कल्पना. माणसाने स्वतःच्या श्रमाने घडवलेलं जग त्यालाच परकं होतं आणि उलट त्याच्यावर सत्ता गाजवतं, ही दुसरी. बहुतेक निबंधांत हे शब्द शिक्क्यासारखे वापरले जातात. काम वाईट आहे, म्हणजे वस्तूकरण झालं. कामगार वैतागलेला आहे, म्हणजे परात्मता आली. एवढ्याने काहीच उलगडत नाही. या कल्पनांची ताकद त्यांच्या नेमकेपणात आहे. नक्की काय विकलं गेलं, कुणी घेतलं, कामगाराने काय निर्माण केलं आणि ते कुठे गेलं, हे एकेक विचारत गेलं की प्लॅटफॉर्मच्या कामात जे दिसतं ते जुन्या गिरणीपेक्षा वेगळं आहे, आणि काही बाबतींत जास्त टोकाचं.

आधी विक्री. १८६७ साली आलेल्या ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात मार्क्सने एक महत्त्वाचा फरक केला आहे. कामगार आपलं काम विकत नाही, ठरावीक वेळापुरती आपली श्रमशक्ती, म्हणजे काम करण्याची क्षमता विकतो. गिरणीतल्या कामगाराने आठ तास विकले की त्या आठ तासांत यंत्र बंद पडलं, सूत आलं नाही, तरी तो तोटा मालकाचा. वेळ विकत घेतलेला असल्याने तो वाया जाऊ न देण्याची काळजीही मालकाची. मुकादम, घड्याळ, हजेरीपुस्तक हे सगळं त्यासाठीच आलं. त्याच खंडात नगावर मजुरी देण्याच्या पद्धतीवर एक वेगळं प्रकरण आहे, आणि प्लॅटफॉर्मबद्दल लिहिणाऱ्याने सगळ्यात आधी ते वाचावं असं मला वाटतं. नगावर पैसे दिले की देखरेखीची फारशी गरज उरत नाही, कारण कामगार स्वतःच स्वतःला पळवतो, असं मार्क्स तिथे दाखवतो. मजुरीचा प्रकारच मुकादमाचं काम करतो.

आता एक ऑर्डर घेऊ. आकडे मी समजावण्यापुरते धरले आहेत. रेट कार्ड शहरागणिक आणि महिन्यागणिक बदलतं. समजा रायडर डेक्कनला उभा आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या हॉटेलची ऑर्डर पडते, पार्सल कोथरूडला द्यायचं आहे, मिळणार पंचेचाळीस रुपये. हॉटेलपर्यंत दोन किलोमीटर, तिथे पदार्थ तयार नाही म्हणून बारा मिनिटं थांबणं, मग चार किलोमीटर, मग सोसायटीत बिल्डिंग शोधणं. ग्राहकाने पत्त्यात विंग लिहिलेली नसते, फोन दोनदा वाजून थांबतो. पार्सल दिल्यावर पुन्हा ऑर्डरी पडतात अशा भागात यायला तीन किलोमीटर रिकामे. एकूण नऊ किलोमीटर. गाडी लिटरला पंचेचाळीस धावते आणि पेट्रोल शंभराच्या थोडं वर आहे असं धरलं, तर एकवीस रुपये पेट्रोलचेच. उरले चोवीस. यातून टायर, ऑइल, मोबाइलचा रिचार्ज आणि गाडीचा हप्ता अजून वजा व्हायचा आहे. गेलेला वेळ पाऊण तासाच्या पुढे.

या पाऊण तासात कंपनीने काय विकत घेतलं? रायडरचा पाऊण तास नाही. हॉटेलात बारा मिनिटं गेली काय किंवा पंचवीस, कंपनीच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. तिने एक पोचवणं विकत घेतलं. रिकामा परतीचा प्रवास आणि पुढची ऑर्डर पडेपर्यंतचा वेळ या खरेदीच्या बाहेर राहिला. लॉगिनच्या ठरावीक तासांवर किंवा ठरावीक ऑर्डरींवर इन्सेंटिव्ह ठेवून कंपन्या या वेळाला थोडी किंमत देतात हे खरं. पण एक ऑर्डर कमी पडली तर तो संपूर्ण जातो. म्हणजे वाट पाहण्याला मिळणारे पैसेही वाट पाहण्याचे नसतातच.

आता हाच व्यवहार ग्राहकाच्या बाजूने पाहा. ग्राहक अ‍ॅपवर फक्त बिर्याणी घेत नाही, ‘तीस मिनिटांत येईल’ हा भरवसाही घेतो. हा भरवसा कशावर उभा आहे? बटण दाबलं त्या क्षणी जवळपास कुठेतरी एक रिकामा रायडर तयार उभा आहे, यावर. दहा-बारा जण नुसते थांबलेले नसतील तर भरवसा देताच येणार नाही. म्हणजे रायडरची तयारी ग्राहकाला विकली जाते, पण रायडरकडून ती विकत घेतली जात नाही. माझ्या मते प्लॅटफॉर्मच्या कामातल्या वस्तूकरणाचा गाभा इथे आहे. प्लॅटफॉर्ममुळे श्रमाची वस्तू झाली एवढं म्हणणं अपुरं आहे, कारण ती दोनशे वर्षांपूर्वीच झालेली होती. नवीन गोष्ट अशी की श्रमाचे इतके बारीक तुकडे पडले की विकला जाणारा तुकडा आणि फुकट घेतलेला तुकडा वेगळे काढता येऊ लागले.

कार्ल पोलान्यीने १९४४ साली ‘द ग्रेट ट्रान्सफॉर्मेशन’मध्ये श्रमाला काल्पनिक वस्तू म्हटलं, ते इथे नीट लागू पडतं. विकण्यासाठी बनवलेली ती खरी वस्तू. श्रम हे जगणंच आहे; ते विकण्यासाठी निर्माण होत नाही आणि साठवूनही ठेवता येत नाही. शेतकऱ्याचा कांदा आज भावाने गेला नाही तर निदान काही महिने चाळीत राहू शकतो. रायडरची सव्वाआठ ते पावणेनऊ ही अर्ध्या तासाची तयारी कुणी घेतली नाही, तर ती कायमची संपली.

मुंबईला अशी अनिश्चितता नवी नाही. गिरण्यांच्या काळात बदली कामगार रोज पाळीच्या वेळेला फाटकाशी येऊन उभे राहायचे. कुणी कायम कामगार गैरहजर असला तर आत घेतलं जायचं, नाहीतर परत जायचं. कुणाला घ्यायचं ते जॉबरच्या हातात असे आणि त्यासाठी त्याचे हात ओले करावे लागत. त्या पद्धतीचं कौतुक करण्यासारखं काहीच नाही. पण एक फरक ध्यानात घ्या. बदली कामगाराला फाटक उघडल्यावर कळायचं की आजचा दिवस मिळाला की नाही, आणि मिळाला की पूर्ण पाळी त्याची. रायडरच्या दिवसात हे फाटक दर पाऊण तासाने उघडतं आणि मिटतं. जॉबर कोण आहे हे बदली कामगाराला माहीत होतं. त्याच्याविरुद्ध गिरणगावात ओरडता येत होतं, युनियनला मागणी करता येत होती.

वाट पाहण्याला काम मानायचं का, या प्रश्नाचं उत्तर एका न्यायालयाने स्पष्ट दिलं आहे. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांना कामगार ठरवलं. भाडं कंपनी ठरवते, कराराच्या अटी कंपनी ठरवते, ट्रिपा वारंवार नाकारल्या तर कारवाई होते, रेटिंगच्या आधारे कामावर नियंत्रण ठेवलं जातं आणि चालक व प्रवासी यांच्यातला संपर्क कमीत कमी राहील असं पाहिलं जातं, ही कारणं न्यायालयाने मोजली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, चालक आपल्या भागात अ‍ॅप चालू ठेवून ट्रिप घ्यायला तयार असेल तर तो वेळही कामाचा, असं ठरवलं. न्यायाधीशांनी मार्क्सचा आधार घेतला नव्हता. करार काय म्हणतो हे बाजूला ठेवून प्रत्यक्षात काय घडतं ते त्यांनी पाहिलं, आणि सिद्धांत ज्या जागी बोट ठेवतो त्याच जागी ते पोचले.

परात्मतेकडे वळताना एक आक्षेप आधी ऐकायला हवा, कारण तो स्वतः रायडरच घेतात. "इथे साहेब नाही. वाटलं तर लॉगिन करतो, नाही वाटलं तर नाही," असं अनेक जण सांगतात आणि ते खरं असतं. ज्याने सहा महिने कंत्राटदाराच्या हाताखाली सिक्युरिटीचं किंवा गोदामाचं काम केलंय, त्याला ही मोकळीक फार मोठी वाटते. त्याला ‘तुला स्वतःची स्थिती कळत नाही’ असं सुनावणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. पण मार्क्सची परात्मता ही मनाची अवस्था नाही. एखादा माणूस आनंदात असूनही त्या स्थितीत असू शकतो. ती स्थिती नात्यांवरून ओळखायची असते. माणसाचं कामाच्या फळाशी, प्रत्यक्ष कृतीशी, स्वतःमधल्या माणूसपणाशी आणि इतर माणसांशी असलेलं नातं, अशा चार बाजू मार्क्सने १८४४ च्या पॅरिसमधल्या हस्तलिखितांत मांडल्या. ती हस्तलिखितं पूर्ण छापली गेली ती १९३२ साली.

रायडरवर हे लावताना पहिल्याच पायरीवर अडायला होतं. त्याच्या कामाचं फळ कोणतं? बिर्याणी त्याने केलेली नाही. पोचवणं संपलं की हातात काही उरत नाही. बरेच निबंध इथे घसरतात आणि सेवेच्या कामाला ही बाजू लागू नाही असं म्हणून पुढे जातात. मला वाटतं, फळ आहे, आणि ते मोबाइलवर दिसतं. हजारो ऑर्डरींनंतर रायडरने स्वतःच्या श्रमाने एक टिकाऊ गोष्ट घडवलेली असते, त्याचं रेटिंग आणि त्याच्या नावावरचा इतिहास. पावसात वेळेवर पोचून, शिव्या गिळून, चौथ्या मजल्यापर्यंत जिने चढून ते मिळवलेलं असतं.

हे फळ त्याच्यापासून कसं वेगळं होतं हे आकड्यात दिसतं. उबर चालकाचं रेटिंग शेवटच्या ५०० रेट झालेल्या ट्रिपांची सरासरी म्हणून काढते. पाचशेच्या पाचशे पाच तारे असलेल्या चालकाला उद्या कुणी एक तारा दिला, तर त्याची सरासरी ४.९९२ होते, फरक जाणवतही नाही. आता हाच अनुभवी चालक दुसऱ्या कंपनीकडे गेला असं समजा. तिथे तो नवा. तिथेही अशीच सरासरी असेल आणि पहिल्या वीस ट्रिपांत एकाने एक तारा दिला, तर एकोणीस जणांनी पाच-पाच देऊनही सरासरी थेट ४.८ वर येते. एकाच माणसाला एकाच प्रवाशाचा तोच राग पंचवीसपट महाग पडतो, कारण आधीचं कमावलेलं त्याला सोबत नेता येत नाही. मेकॅनिक गॅरेज बदलतो तेव्हा त्याचा हात सोबत जातो, शिंपी दुकान बदलतो तेव्हा काही गिऱ्हाइकं मागोमाग येतात. इथे कौशल्य माणसाकडे राहतं, पण त्याचा पुरावा कंपनीकडे राहतो.

आणि तो पुरावा त्याच्यावरच उलटतो. रेटिंग घसरलं तर ऑर्डरी कमी पडू लागल्याचं रायडर सांगतात. जास्त घसरलं, किंवा कुणी तक्रार केली, तर आयडी ब्लॉक होतो. नेमका कुणाच्या तक्रारीवरून, हे बहुतेक वेळा कळत नाही. हेल्पलाइनवर तयार उत्तरं येतात. आपण घडवलेली गोष्ट आपल्यासमोर परकी सत्ता म्हणून उभी राहते, हे मार्क्सचं मूळ निरीक्षण कापडाच्या ठाणापेक्षा रेटिंगला जास्त अक्षरशः लागू पडतं. कापडाचं ठाण विणकराला कामावरून काढू शकत नव्हतं.

कृतीबद्दल थोडक्यात. रस्ता अ‍ॅप सुचवतं, वेळ अ‍ॅप मोजतं, पुढची ऑर्डर किती लांबची आहे ते घेईपर्यंत पुरतं कळेलच असं नाही. तरी शहराच्या रहदारीत मोटरसायकल चालवणं हे पट्ट्यावर स्क्रू पिळण्यासारखं नाही. कुठल्या गल्लीतून कर्वे रस्ता टाळता येतो, कुठल्या हॉटेलात पार्सल नेहमी उशिरा मिळतं, कुठल्या सोसायटीत मागच्या फाटकाने जायचं, हे ज्ञान रायडरचंच असतं आणि तो ते वापरतो. इथे परात्मता अर्धीमुर्धी आहे असं कबूल करावं. माणूसपणाशी तुटलेल्या नात्याबद्दलही मी जपून बोलेन. संध्याकाळी दोन तास काम करून कॉलेजची फी भरणारा मुलगा आणि गाडीच्या हप्त्यासाठी दिवसाचे बारा तास लॉगिन ठेवणारा दोन मुलांचा बाप यांना एकाच वाक्यात कोंबलं तर दोघांवरही अन्याय होतो. ‘आज नको’ म्हणणं परवडतं का, हा दोघांमधला खरा फरक आहे.

दुसऱ्या माणसांशी असलेलं नातं मात्र झपाट्याने आक्रसतं. ग्राहकाला नकाशावर सरकणारा ठिपका दिसतो. फाटकावर वही भरावी लागते, अनेक सोसायट्यांत "लिफ्ट मागची वापरा" असं ऐकावं लागतं. दारात पिशवी घेणारा बऱ्याचदा मोबाइलमधून मान वर करत नाही, आणि पंधरा सेकंदांत झालेल्या या भेटीवर तो नंतर तारे देणार असतो. रायडर एकमेकांशी बोलतात, हॉटेलसमोर ओळखी होतात, व्हॉट्सअ‍ॅपवर गट असतात. कुठे पोलीस उभे आहेत, कुणाचा अपघात झाला, कुणाला रक्त हवंय, हे त्यातून पसरतं. पण कामाच्या रचनेत मात्र प्रत्येक ऑर्डर शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या हातून निसटलेली असते.

यापुढे सिद्धांताचीही एक अडचण येते. मार्क्सचा कामगार उत्पादनाच्या साधनांपासून तुटलेला असतो. इथे गाडी रायडरची, मोबाइल त्याचा, पेट्रोल त्याच्या खिशातलं. मग तो छोटा धंदेवाला म्हणायचा का? कंपन्यांचा ‘पार्टनर’ हा शब्द याच फटीत उभा आहे. उत्तर असं की साधनांपैकी स्वस्त आणि झिजणारी साधनं त्याच्याकडे आहेत, आणि ज्यावाचून ती निरुपयोगी आहेत ते साधन, म्हणजे ग्राहकांची मागणी एका ठिकाणी गोळा करणारं अ‍ॅप, त्याच्याकडे नाही. मालकी वाटली गेली आहे, पण झीज एका बाजूला आणि नियंत्रण दुसऱ्या बाजूला.

भारताच्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने प्लॅटफॉर्म कामगाराची व्याख्या केली, पण तीच मुळात पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचा कामगार अशी. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कल्याणनिधीत द्यावी, मात्र ती कामगारांना दिलेल्या किंवा देय रकमेच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावी, अशी तरतूद आहे. विमा, आजारपण, म्हातारपण याला त्यातून हातभार लागू शकतो. वाट पाहण्याच्या वेळाबद्दल त्यात काहीही नाही.

एका मालकाचा नसलेल्या कामगाराचं काय करायचं, हे महाराष्ट्राने खरं तर फार आधी करून दाखवलं आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला. बाजार समितीतला हमाल सकाळी एका व्यापाऱ्याच्या गाड्या उतरवतो आणि दुपारी दुसऱ्याच्या. तो कुणाचाच नोकर नसतो. कायद्याने मंडळं नेमली, त्यांत सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी आले. हमालाची नोंदणी मंडळाकडे होते, मजुरी आणि वर लेव्ही व्यापारी मंडळात भरतो, मंडळ त्यातून पैसे देतं आणि भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी यांची सोय करतं. माथाडी मंडळांत पुढे काय बिघडलं, बोगस टोळ्या कशा शिरल्या, हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. तरी मूळ रचना अशी की माणसाची कामगार म्हणून ओळख एका व्यापाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही.

राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला आणि प्रत्येक कामगाराला सगळ्या प्लॅटफॉर्मवर चालणारा एकच ओळखक्रमांक देण्याची तरतूद त्यात ठेवली. कर्नाटकने २०२५ मध्ये आणखी पुढे जाऊन, काम बंद करण्याआधी कारण सांगून चौदा दिवसांची नोटीस देणं कंपन्यांवर बंधनकारक केलं. ब्लॉक झालेल्या आयडीसमोर हतबल उभ्या असलेल्या माणसाला यातून निदान ‘का’ हे विचारता येईल. या क्रमांकासोबत त्याचं रेटिंगही मंडळाकडे नोंदवलं गेलं, तर कंपनी बदलताना तो विसाव्या ट्रिपवाल्या नवख्याच्या जागी परत जाणार नाही. नोंदणीची यंत्रणा राज्यांनी उभी करायला घेतली आहे. कमावलेल्या रेटिंगवर कामगाराचा हक्क मान्य करणारी एक ओळ तिच्यात घालायला हवी, आणि महाराष्ट्राने स्वतःचा कायदा करताना ती पहिल्याच मसुद्यात घालावी.